मामाचा मुकुट आणि एफ १.८

माझा मामा दशावतारी नाटकात राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट. गेली पस्तीस वर्षं तो कार्तिकापासून चैत्रापर्यंत रात्री जागतो आणि दुपारी झोपतो. मागच्या श्रावणात त्याने घरी सांगितलं की यंदाचा हंगाम शेवटचा, गुडघे आता साथ देत नाहीत. तेव्हा लक्षात आलं की त्याचा रंगवलेल्या चेहऱ्याचा, मुकुटाचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. फोनमध्ये शंभरेक होते. त्यातला एक त्याला दाखवला तर तो म्हणाला, "ह्यां कोणाचां तोंड गो? मेणाच्या बावलेसारख्यां दिसतां." खरंच तसं दिसत होतं. गालावरचा लाल रंग आणि कपाळावरचा गंध एकमेकांत मिसळलेले, आणि तलवार धरलेल्या हाताच्या जागी नुसता फराटा.

म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. मी कुडाळला औषधांच्या दुकानात काम करते. पैसे साठवले होते पंचेचाळीस हजार, त्यापुढे एक रुपया नव्हता. इथे मनासारखे चार कॅमेरे हातात घेऊन बघता येतील असं दुकान नाही, त्यामुळे सगळी शोधाशोध फोनवरच, रात्री जेवणं उरकल्यावर.

पहिला आठवडा चुकीच्या दिशेने गेला. एक कॅमेरा फार आवडला होता. दिसायला मोठा, हातात भरदार, साठ पट झूम आणि किंमत बजेटच्या निम्मी. सभामंडपाच्या मागच्या खांबाला टेकूनही मामाचा चेहरा जवळून मिळेल, असं मला वाटलं. माहितीच्या तक्त्यात खाली एका ओळीत सेन्सर '१/२.३ इंच' असं लिहिलेलं होतं, त्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या आत जिथे प्रकाश पडून फोटो तयार होतो तो तुकडा म्हणजे सेन्सर. हे इंच म्हणजे त्याचं खरं माप नव्हे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावं पडली आणि तशीच चालत राहिली. १/२.३ इंचाचा सेन्सर प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. माझ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर शोधला तर तो ८ बाय ६ च्या आसपास निघाला. म्हणजे एवढा मोठा दिसणारा कॅमेरा आतून माझ्या फोनपेक्षा लहान होता. बाहेरचं आकारमान सगळं झूमसाठी होतं. तो दिवसाउजेडी पक्ष्यांसाठी चांगला असेल, पण रात्री दोनच्या देवळात तो मला काय देणार?

तेव्हापासून मी इंच बघणं सोडलं आणि मिलिमीटर वहीत लिहायला लागले. निकॉनच्या एपीएस-सी या मधल्या आकाराच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर २३.५ बाय १५.६, कॅननच्या त्याच वर्गातल्यांचा किंचित लहान, २२.३ बाय १४.९. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४. लांबी-रुंदीचा गुणाकार केला की खरं चित्र दिसतं. फोन ४८ चौरस मिलिमीटर, एपीएस-सी ३६६, फुल फ्रेम ८६४. फोनवरून एपीएस-सीवर आलं की क्षेत्रफळ साडेसात पटींनी वाढतं. तिथून फुल फ्रेमवर गेलं की आणखी सव्वादोन-अडीच पट. फुल फ्रेम माझ्या पैशांत बसत नव्हताच, पण हे आकडे बघितल्यावर त्याची रुखरुखही राहिली नाही.

याच्या पुढचा हिशेब मला कॅमेऱ्यांच्या कुठल्याच तुलनेत मिळाला नाही. तो मी आधीच्या हंगामातल्या फोटोंवरून मांडला. फोनमधल्या प्रत्येक फोटोच्या तपशिलात तो कसा काढला गेला याची नोंद असते. आमच्या गावच्या जत्रेतल्या त्या मेणाच्या चेहऱ्याच्या फोटोखाली लिहिलं होतं: एफ १.८, सेकंदाचा तिसावा भाग, आयएसओ १०००. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं आहे ते. आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. सेकंदाचा भाग म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं ते. आयएसओ म्हणजे मिळालेल्या तुटपुंज्या प्रकाशाला कॅमेऱ्याने किती ताणलं ते. याचा अर्थ, आमच्या मंडपात उजेड नेमका किती असतो याचं मोजमाप माझ्या हातात आधीपासून होतं.

एवढं कळल्यावर साधी त्रैराशिकं उरली. युद्धाच्या वेळी मामा तलवार फिरवतो तेव्हा तिसाव्या भागात हात पुसला जातो. निदान दोनशेवा भाग हवा. म्हणजे वेळ जवळपास सातव्या हिश्श्यावर आला, म्हणून आयएसओ सात पट चढवायचा: सुमारे ६७००. एपीएस-सी सेन्सरवर एवढा आयएसओ चालतो. दाणे दिसतात, पण चेहरा चेहरा राहतो. मात्र ही गोष्ट लेन्स एफ १.८ ची असेल तरच.

कॅमेऱ्याबरोबर येते ती किट लेन्स १८-५५ मिलिमीटरची, आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं. तिच्यावर ३.५-५.६ असंही छापलेलं असतं. त्यातला ३.५ फक्त १८ वर मिळतो, म्हणजे अख्खा मंडप फ्रेममध्ये घेतला तर. चेहऱ्यासाठी ५५ पर्यंत झूम केलं की तोंड आकसून ५.६ वर येतं. एफ १.८ आणि ५.६ यांतला फरक वर्गाने मोजायचा: ५.६ गुणिले ५.६ भागिले १.८ गुणिले १.८, उत्तर साधारण ९.७. किट लेन्समधून दहापट कमी प्रकाश आत येणार. आयएसओ ६७०० चा पासष्ट हजार होणार. माझ्या मनात असलेल्या निकॉन डी७२०० ची रंगीत फोटोंची मर्यादाच २५,६०० आहे.

हे मी रात्री साडेबाराला वहीवर मांडलं आणि दोनदा तपासलं. एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर जाण्यासाठी लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, त्यात सव्वादोन-अडीच पट फायदा. किट लेन्स बदलून एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स लावली तर दहापट. माझं अर्ध्याहून अधिक उत्तर कॅमेऱ्यात नव्हतंच, ते लेन्समध्ये होतं. किट लेन्समध्ये हात थरथरला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय असते, जाहिरातीत ती ठळक लिहितात, आणि माझीही तिच्यावर भिस्त होती. पण ती माझ्या हाताची थरथर सावरते, मामाच्या हाताची हालचाल नाही. आणि फ्लॅशचा विचार मी केलाच नाही. लढाईच्या मधोमध नटाच्या डोळ्यांवर लखकन उजेड पाडणं मला पटत नाही, आणि रंगही त्याने सपाट होतात.

किट लेन्सला मी वाईट म्हणत नाही. हलकी असते, दिवसा फोटो स्वच्छ येतात, घरातल्या बारशाला, शेतावर, प्रवासात तीच सोयीची. माझं काम रात्रीचं होतं, म्हणून मी नुसती बॉडी शोधायला लागले.

कोणती लेन्स, हे ठरवायला मी देवळात जाऊन मेजरिंग टेप धरला. पहिल्या रांगेत जमिनीवर बसलं की रंगमंचावरच्या बाकड्यापर्यंत साडेतीन मीटर. सेन्सरची लांब बाजू २३.५, तिला लेन्सच्या आकड्याने भागायचं आणि अंतराने गुणायचं. ५० ची लेन्स कॅमेरा उभा धरून १.६ मीटर उंची टिपते, म्हणजे मांडीपासून मुकुटापर्यंत. ३५ ची लेन्स २.३५ मीटर, म्हणजे पायातल्या चाळांपासून मुकुटाच्या टोकापर्यंत पूर्ण राजा, वर थोडी जागा ठेवून. मला आधी ३५ हवी होती. ५० ची सोय योगायोगाने झाली. बाजारपेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांकडे निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८ डी पडून होती. "घेऊन जा, परत आणून दे," म्हणाले.

त्या जुन्या लेन्समुळेच बॉडी ठरली. 'डी' प्रकारच्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ती नाही. तिथे काकांची लेन्स बसेल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. डी७२०० मध्ये मोटर आहे. डी५६०० आणि डी७२०० दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, सेन्सरही एकाच आकाराचा, त्यामुळे नुसत्या फोटोंची तुलना करणाऱ्याला डी५६०० घेण्यात काही गैर वाटणार नाही. ही मोटरची गोष्ट तक्त्यात कुठेतरी एका शब्दात असते.

डी७२०० हा २०१५ चा कॅमेरा. माझ्या पैशांत तो वापरलेलाच घ्यायला लागणार होता. तिथे प्रश्न आला शटर काउंटचा.

शटर म्हणजे सेन्सरसमोरचे पातळ पडदे. प्रत्येक फोटोला ते उघडतात, मिटतात आणि झिजतात. डी७२०० चं शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे असं निकॉन सांगते. दीड लाखाला ते बंद पडेल असा त्याचा अर्थ नाही. काही त्याआधी जातात, काही दोन लाखांवरही चालतात. पण विकणाऱ्याचा कॅमेरा त्या वाटेवर कुठवर आलाय हे कळायला हवं.

पहिल्या विक्रेत्याने लिहिलं होतं, "फक्त आठ हजार क्लिक." पुराव्यासाठी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, फाइलचं नाव कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत होतं: `DSC_8134`. किंमतही आकर्षक. मी जवळजवळ होकार देणार होते. मग काकांनी सांगितलं की हा आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा `0001` पासून सुरू होतो. गाडीच्या मीटरचे फक्त शेवटचे चार आकडे बघण्यासारखं आहे ते. खरा आकडा निकॉन प्रत्येक फोटोच्या आत लिहून ठेवतो, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो पुसला जातो. म्हणून मी विक्रेत्याला विनंती केली की आत्ता एक नवीन फोटो काढा, त्यात काहीही एडिट करू नका, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भाच्याच्या लॅपटॉपवर ExifTool टाकून घेतलं होतं. ते फुकट मिळतं.

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_8135.JPG
```

उत्तर आलं: १,२८,१६८. बारा वेळा ९९९९ गुणून त्यात ८१३५ मिळवले की १,२८,१२३ होतात. कॅमेरा अख्ख्या बारा फेऱ्या मारून तेराव्या फेरीत होता, उरलेले पंचेचाळीस बहुधा कार्ड न घालता मारलेले क्लिक. विक्रेत्याला मी तसं कळवलं. त्याने तो कॅमेरा स्वतःच दुसऱ्याकडून घेतला होता आणि त्यालाही आठ हजारच वाटत होते. माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्याच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही. त्याच्या फाइलमध्ये काउंट एकवीस हजार निघाला, सगळं छान. पण त्याच आज्ञेत सिरीयल नंबरही येतो. मी बॉडीच्या तळाचा फोटो मागितला, तर तिथला नंबर वेगळा. मी विचारल्यावर पुढचं उत्तर आलंच नाही. सिरीयल नंबर जुळवल्याशिवाय शटर काउंटला काही अर्थ नाही, एवढं त्या दिवशी पक्कं कळलं. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तर हा आकडा फोटोत लिहिलाच जात नाही. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो, म्हणजे दुरून खरेदी करणाऱ्याला विक्रेत्याच्या मदतीशिवाय कळायची सोय नाही.

तिसरा कॅमेरा कोल्हापूरच्या एका शिक्षकांचा. काउंट ४१,८७२, नंबर जुळला, किंमत सत्तावीस हजार. त्यांनी कुरिअर करतो म्हटलं, मी एसटीने गेले. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात चहा घेत तासभर तपासणी केली. सेकंदाचा आठ हजारावा भाग लावून पांढऱ्या भिंतीचे दहा फोटो काढले. शटर थकलेलं असेल तर एका कडेला काळपट पट्टा येतो. तो नव्हता. मग तोंड एफ १६ पर्यंत लहान करून आभाळाचा एक फोटो घेतला. सेन्सरवरची धूळ त्यात ठिपक्यांसारखी दिसते. चार ठिपके दिसले, शिक्षकांनी फुग्याच्या पंपाने हवा मारली, तीन गेले. मेनूत बॅटरीची माहिती उघडली. डी७२०० बॅटरीचं वय शून्य ते चार असं सांगतो, ही एकवर होती. त्यांना मी विचारलं की व्हिडिओ किती काढले. तासभर व्हिडिओ काढला तरी काउंट जवळपास हलत नाही, त्यामुळे लहान आकडा म्हणजे कमी वापर असं गृहीत धरता येत नाही. त्यांनी शाळेची स्नेहसंमेलनं सोडली तर व्हिडिओ घेतले नव्हते. रबराची पकड अंगठ्याजवळ थोडी सुटली होती, तेवढं चालण्यासारखं होतं.

३५ ची लेन्स मात्र मी नवी घेतली, सोळा हजारांच्या आत. वापरलेली एक बघितली होती, रत्नागिरीची. दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च धरायला सांगितला आणि व्हिडिओ कॉलवर बघितलं. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे होते. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते आणि आत शिरली की काढणं खर्चाचं असतं. काकांची ५० मी त्याच टॉर्चने तपासली, ती स्वच्छ निघाली. ते ती तांदळाच्या डब्याशेजारी, चुलीवरच्या फळीवर ठेवतात.

या सगळ्याच्या आधी मी एका कॉम्बोवर पैसे घालवणार होते. नवा कॅमेरा, किट लेन्स आणि वर 'दहा वस्तूंचा सेट', नुसत्या किटपेक्षा साडेचार हजार जास्त. नंतर मी त्या वस्तू एकेक करून बघितल्या. त्यातला यूव्ही फिल्टर ५८ मिलिमीटरचा होता. तो कॅननच्या १८-५५ वर बसतो. कॉम्बो निकॉनचा होता, त्याच्या नव्या १८-५५ ला ५५ चा लागतो. म्हणजे तो फिल्टर लेन्सवर चढलाच नसता. ट्रायपॉड वजनाला एक किलोपर्यंतचा, मोबाइलच्या क्लिपसकट. बॅटरी आणि ३५ च्या लेन्ससह माझा कॅमेरा साडेनऊशे ग्रॅमच्या पुढे जातो, त्यावर ठेवला तर वाऱ्याने हलेल. शिवाय ट्रायपॉडने मामा स्थिर होणार नाही. १६ जीबीचं कार्ड होतं, कंपनी लिहिलेली नाही. डी७२०० ची एक कच्ची फाइल २५-३० एमबीची असते, म्हणजे पाच-सहाशे फोटोंत कार्ड भरलं, आणि पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत मला तेवढे पुरणार नव्हते. लेन्सपुढे लावायची 'वाइड' काच होती, ती कडांना चित्र धुरकट करते. उरली पिशवी आणि पुसायचा कपडा. पिशवी मला आईने जुन्या गोधडीची शिवून दिली, तिच्यात कॅमेरा छान बसतो.

त्याऐवजी मी दोन वस्तू घेतल्या. नावाजलेल्या कंपनीचं ६४ जीबीचं कार्ड, आणि रबराच्या कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेलची अर्धा किलोची पिशवी आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. दोन्ही मिळून सोळाशे रुपये.

जत्रा आली. पहिल्या रात्री मी हिशेबाप्रमाणे दोनशेवा भाग लावला आणि चकित झाले. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, त्याच्या पुढच्यात खालचा निम्मा भाग अंधारलेला. कॅमेरा बिघडला म्हणून पोटात गोळा आला. गोंधळ दिव्यांचा होता. यंदा देवळाने हॅलोजन काढून स्वस्तातले एलईडी लावले होते. आपल्या विजेवर ते सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात, डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शंभरावा भाग लावला की एक पूर्ण मिणमिण आत येते आणि उजेड सारखा होतो. मी तो लावला, आयएसओ ३२०० वर आणला. तलवार फिरतानाचे फोटो सोडून दिले आणि वार थांबतो तो क्षण पकडायला लागले. पखवाजाची थाप पडते तिथे मामा अर्धा पळ थांबतो. इतकी वर्षं बघूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पहाटे रंगपटात तो मुकुट उतरवून पेटाऱ्यात ठेवत होता. मी पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. कपाळावर रंगातून घामाची एक रेघ भुवईपर्यंत उतरलेली, आणि मुकुटाच्या कडेला जिथे बेगड निघालं आहे तिथला पुठ्ठा. तो बराच वेळ बघत राहिला. "बेगड लावूक होयां," म्हणाला.

आता ज्येष्ठ चाललाय. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स डब्यात आहेत, काटा ४६ वर. बाहेर ९० आहे. सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडायला लागलेत, ते उद्या कढईत मंद आचेवर भाजून घ्यायचे आहेत.